चाळीस दिवसांच्या बाळाला ताप आलाय, सकाळपर्यंत थांबू का?

प्रश्न: माझी मुलगी ४० दिवसांची आहे. रात्री अंगावर घेतलं तेव्हा अंग गरम लागलं म्हणून काखेत थर्मामीटर लावला तर १००.६ आला. दूध पितेय, रडत वगैरे नाहीये. सासूबाई म्हणतात जास्त गुंडाळल्यामुळे झालं असेल. मोठ्या मुलाचे तापाचे ड्रॉप्स घरात आहेत, ते देऊन सकाळी डॉक्टरांकडे नेलं तर चालेल का?

उत्तर:

नाही ताई, सकाळपर्यंत थांबू नका आणि ड्रॉप्सही देऊ नका. आत्ताच निघा, आणि जिथे लहान मुलांचे डॉक्टर रात्री हजर असतात अशाच हॉस्पिटलला न्या. आधी निघा, बाकीचं वाटेत वाचा.

निघताना एवढंच करा. १००.६ किती वाजता आला ते कागदावर किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, काखेत मोजला हेही लिहा. बाळाला एकच हलका कपडा राहू दे, बाहेर गार असेल तर वरून एक पातळ पांघरूण. दूध मागत असेल तर पाजा, वाटेतही पाजा, काही बिघडत नाही. शेवटची शू कधी झाली ते आठवून ठेवा. जन्माच्या वेळची फाईल आणि लसीकरणाचं कार्ड पिशवीत टाका. या सगळ्याला दहा मिनिटांच्या वर वेळ जायला नको, फाईल सापडत नसेल तर ती राहू दे.

आता मी एवढी घाई का करतोय ते सांगतो, कारण मी गेली बरीच वर्षं लहान मुलांच्या वॉर्डात काम करतोय आणि "दूध पितेय, रडत नाहीये" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. दोन वर्षांच्या मुलाला ताप असेल आणि तो घरभर पळत असेल तर मी पण म्हणेन की एक दिवस बघू. मोठ्या मुलात आपण तापाच्या आकड्यापेक्षा मूल कसं दिसतंय त्याला जास्त महत्त्व देतो आणि ते बरोबरच आहे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळात मात्र हे उलटं होतं. इथे आकडाच ठरवतो. कारण या वयात आजार दाखवायला बाळाकडे फार काही नसतंच, ते दूध पितं, झोपतं, रडतं, शी-शू करतं, बस. मोठ्या माणसाला मेंदूच्या आवरणाला सूज आली तर मान ताठ होते, डोकं ठणकतं, या बाळाची मान मुळात मऊ असते, ती ताठ होतच नाही बऱ्याचदा. लघवीत इन्फेक्शन झालं तर जळजळ होतेय हे सांगणार कसं? त्यामुळे पहिले बरेच तास ताप हीच एकमेव खूण असते, आणि बाळ अगदी छान दिसत असतं.

दुसरी गोष्ट म्हणजे या बाळांची प्रतिकारशक्ती अजून तयार होत असते. मोठ्या मुलात जंतू एका जागी अडवला जातो, लघवीतला लघवीतच राहतो. इथे तो त्या जागेवरून रक्तात आणि रक्तातून मेंदूच्या आवरणापर्यंत पोचू शकतो, आणि कधी कधी हे काही तासांत होतं. तीन महिन्यांच्या आत ताप आलेल्या बाळांपैकी साधारण दहात एकाला जिवाणूंचं गंभीर इन्फेक्शन निघतं. त्यातलं सगळ्यात जास्त लघवीचं असतं, रक्तातलं आणि मेंदूच्या आवरणाचं त्यापेक्षा खूप कमी. म्हणजे दहातल्या नऊ बाळांना साधा व्हायरलच असतो, तुमच्या मुलीलाही बहुतेक तेच निघेल. पण ती नऊ कोण आणि दहावं कोण हे मला नुसतं बघून सांगता येत नाही, कुठल्याच डॉक्टरला येत नाही, त्यासाठी लघवी आणि रक्त तपासावं लागतं.

एक केस सांगतो म्हणजे ड्रॉप्स का नको ते कळेल. पाच आठवड्यांचा मुलगा, वजन ४.२ किलो, दिवस भरून जन्मलेला, तोपर्यंत काहीही त्रास नाही. रात्री दोन वाजता आईला दूध पाजताना तो गरम लागला, काखेत १००.२ होता. घरात मोठ्या बहिणीचे पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स होते ते अंदाजाने अर्धा मिली दिले. साडेतीनला ताप ९८.४, बाळ झोपलं, घरचे पण निवांत झोपले. सकाळी छान दूध प्यायला, सगळ्यांना वाटलं गेला ताप. अकराला परत १०१, परत ड्रॉप्स, परत उतरला. दुपारी दोन वेळचं दूध त्याने अर्धवट सोडलं, तेव्हाही वाटलं की रात्री झोप झाली नाही म्हणून पेंगतोय. संध्याकाळी सातला आमच्याकडे आणला तेव्हा ताप १०२, हातपाय गार, उचलल्यावर नीट डोळे उघडेना.

नळीने लघवी घेतली तर ती पूने भरलेली. रक्त घेतलं, कल्चर म्हणजे जंतू वाढवून बघायची तपासणी पाठवली, पाठीतलं पाणी तपासलं, आणि लगेच शिरेतून अँटिबायोटिक चालू केलं. दुसऱ्या दिवशी लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय वाढला, आणि तोच जंतू रक्तातही निघाला. पाठीतलं पाणी सुदैवाने स्वच्छ होतं. दहा दिवस शिरेतून औषध चाललं, नंतर सोनोग्राफीत एक किडनी थोडी फुगलेली दिसली, म्हणजे लघवी पुढे नीट जात नव्हती आणि इन्फेक्शनचं मूळ बहुधा तिथे होतं. मुलगा बरा झाला, किडनीचा फॉलोअप चालू राहिला. पण रात्री दोनला आणि संध्याकाळी सातला आलेल्या बाळात फार फरक असतो. रात्री दोनला तो दूध पीत होता, हातपाय गरम होते, इन्फेक्शन तेव्हा कदाचित लघवीपुरतंच होतं. मधले सतरा तास पॅरासिटामॉलने ताप दोनदा उतरवला आणि घरच्यांना दोनदा वाटलं की बाळ सुधारतंय. त्या आईची यात काही चूक नाही, मोठ्या मुलीला तिने हेच केलं होतं आणि डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

पॅरासिटामॉलने ताप उतरला म्हणजे आजार साधा, असं अजिबात नाही. ते औषध मेंदूतल्या तापमानाच्या सेटिंगवर काम करतं, जंतूवर नाही, त्यामुळे व्हायरल असो की रक्तातलं इन्फेक्शन, ताप दोन्हीत उतरतो. आणि उतरलेला ताप घेऊन तुम्ही आलात की आमच्या हातातली एक खूण गेलेली असते. शिवाय डोसचा घोळ वेगळाच. ड्रॉप्सच्या काही बाटल्यांमध्ये १ मिलीत १०० मिलिग्रॅम असतात, तर काही सिरपमध्ये ५ मिलीला १२० किंवा १२५, म्हणजे १ मिलीत साधारण २५. दोन्हीवर नाव एकच. ४ किलोच्या बाळाला एका वेळचा डोस ४० ते ६० मिलिग्रॅम बसतो, सिरपचा २ मिली डोस लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सच २ मिली दिले तर बाळाला २०० मिलिग्रॅम जातात, तिप्पट-चौपट. लिव्हरला ते झेपत नाही. म्हणून या वयात पॅरासिटामॉल डॉक्टरांनी बाळ बघून, वजन करून, मिलीमध्ये लिहून दिलं तरच. आयब्युप्रोफेन सहा महिन्यांच्या आत घरी द्यायचंच नाही, अ‍ॅस्पिरिन तर लहान मुलांना नाहीच. आणि घरात उरलेलं अँटिबायोटिक चुकूनही देऊ नका, त्याने इन्फेक्शन जात नाही, पण कल्चरमध्ये जंतू वाढत नाही आणि मग नक्की कशावर उपचार करायचा ते कळत नाही. चुकून काही दिलं गेलंच असेल तर लपवू नका, काय, किती आणि किती वाजता ते सांगा, कुणी रागावलं तरी सांगा.

आता सासूबाईंच्या मुद्द्याकडे येतो, कारण तो पूर्ण चुकीचा नाही. जास्त गुंडाळलेल्या बाळाचं अंग खरंच गरम होतं, विशेषतः बंद खोलीत टोपी, मोजे आणि दोन-तीन पांघरुणं असतील तर. अशा वेळी बाळ दिसायला ठीक असेल तर कपडे कमी करायचे, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, आणि परत मोजायचं. गुंडाळल्याचा गरमपणा तेवढ्यात उतरतो. पण उतरला नाही, किंवा मुळात आकडाच चांगला वर असेल, तर गुंडाळण्याला दोष देऊन वेळ घालवायचा नाही. तुमचा काखेतला १००.६ आहे, तो गुंडाळल्याने झाला असं मी धरून चालणार नाही. कपडे काढा, पण निघायची तयारी करता करता काढा.

मोजायचं कसं हे पण सांगतो. हात लावून ताप कळत नाही, कपाळ तर फसवतंच. डिजिटल थर्मामीटर घ्या, पाऱ्याचा नको, फुटला तर भलतंच. काखेत लावताना काख कोरडी पुसा, टोक काखेच्या बरोबर मध्ये येऊ दे, कपडा मध्ये येऊ देऊ नका, हात छातीशी धरून ठेवा आणि बीप होईपर्यंत हलवू नका. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा सहसा कमीच येतो, आणि कधी अर्ध्या डिग्रीने तर कधी एकाने, त्यामुळे "एक डिग्री मिळवा" असा ठोकळेबाज हिशोब मी सांगत नाही. आतलं खरं तापमान शीच्या जागेतून कळतं, तिथे १००.४ फॅरेनहाइट म्हणजे ३८ सेल्सियस किंवा जास्त आला की तो ताप. घरी असं मोजायची सवय नसेल तर आग्रह नाही, हॉस्पिटलमध्ये ते करतील. काखेत ९९.५ म्हणजे ३७.५ सेल्सियस किंवा जास्त आला आणि कपडे कमी करूनही तसाच राहिला तर मी तो ताप समजूनच चालतो. कानातले थर्मामीटर या वयात नको, कानाची नळी इतकी बारीक असते की आकडा चुकतो. कपाळावरच्या बंदुकीने ताप दाखवला तर तो काखेत लावून पक्का करा, पण तिने "नॉर्मल" दाखवलं आणि बाळ गरम किंवा सुस्त वाटतंय तर तिच्यावर विश्वास ठेवू नका.

एक गोष्ट लोकांना माहीतच नसते, या वयात तापाऐवजी अंग गार पडणं पण इन्फेक्शनचंच लक्षण असू शकतं. आतलं तापमान ९६.८ म्हणजे ३६ सेल्सियसच्या खाली गेलं, किंवा बाळाचं पोट आणि छाती गार लागतेय आणि आईच्या अंगाशी कातडीला कातडी लावून, गरम पांघरुणात ठेवूनही गरम होत नाहीये, तर तेवढ्याच घाईने निघा. नुसते तळवे गार असणं वेगळं, ते बऱ्याच बाळांचे असतात.

आणि काही वेळा थर्मामीटर शोधत बसायचंच नाही. बाळ दूध ओढत नाहीये किंवा नेहमीच्या निम्म्याहून कमी घेतंय, उठवूनही नीट उठत नाहीये, हातपाय लोंबकळतायत, श्वासाला कण्हल्यासारखा आवाज येतोय, बरगड्यांखाली खड्डा पडतोय, शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजल्यावर श्वास ६० किंवा जास्त भरतायत, ओठ निळे किंवा चेहरा पांढराफटक, बाळ शांत आणि बसतं धरलेलं असताना टाळू फुगलेली, झटका आला, हिरवी उलटी झाली, अंगावर दाबूनही न जाणारे लाल-जांभळे ठिपके आले, यातलं एक जरी असेल तर ताप असो नसो, अ‍ॅम्ब्युलन्स किंवा जे वाहन सगळ्यात आधी मिळेल ते. सहा-आठ तास शू झाली नसेल तर तेही याच यादीत धरा. आणि एक न मोजता येणारी गोष्ट: रडणं नेहमीचं नाहीये, चिरकं आहे किंवा घेतल्यावर जास्त रडतंय असं आईला वाटलं तर मी ते मनापासून ऐकतो.

हॉस्पिटलमध्ये काय करतील ते आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर एवढ्याशा बाळाला सुया बघून घरचे गडबडतात आणि मग "लिहून द्या, आम्ही घरी नेतो" सुरू होतं. किती तपासायचं ते वयावर ठरतं. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०२१ मध्ये ८ ते ६० दिवसांच्या बाळांसाठी जी पद्धत मांडली तिचा ढाचा असा आहे: तीन आठवड्यांच्या आतलं बाळ असेल तर ते कितीही छान दिसो, लघवी, रक्त, पाठीतलं पाणी सगळं तपासायचं, अ‍ॅडमिट करायचं आणि शिरेतून औषध चालू करायचं. चौथ्या आठवड्यात जवळपास तेच, फक्त थोडी मोकळीक. महिना उलटला की, म्हणजे तुमच्या मुलीच्या वयात, आधी लघवी, ब्लड कल्चर आणि इन्फेक्शन दाखवणाऱ्या रक्ताच्या टेस्ट, सीआरपी, प्रोकॅल्सिटोनिन वगैरे. ते सगळं ठीक आलं आणि बाळ छान दूध पीत असेल तर पाठीतलं पाणी काढायची गरज बहुतेक पडत नाही, काही वेळा चोवीस तासांत परत दाखवायच्या अटीवर घरीही सोडतात. मुलगी वेळेआधी जन्मलेली असेल तर ते आधी सांगा, मग डॉक्टर जास्त सावध राहतील.

लघवी पिशवी चिकटवून न घेता बारीक नळीने घेतली तर विरोध करू नका. पिशवीतल्या लघवीत कातडीवरचे जंतू मिसळतात, मग रिपोर्टमध्ये इन्फेक्शन दिसतं आणि ते खरं की खोटं कळत नाही, बाळाला उगाच अँटिबायोटिक चालू होतं. नळीने दोन मिनिटं रडेल पण उत्तर खरं मिळेल. पाठीतलं पाणी काढायची वेळ आलीच तर सगळ्यांना भीती असते की पाय लुळे पडतील. सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली घालतात, पाणी अगदी थोडं घेतात आणि शरीर ते परत तयार करतं. ते न तपासता औषध दिलं तर मेंदूच्या आवरणात इन्फेक्शन आहे की नाही हे नंतर नीट सांगता येत नाही, आणि औषध किती दिवस द्यायचं ते त्यावरच ठरतं.

तुमच्या मुलीचं वय बघता दीड-दोन महिन्यांची लस जवळ आली असेल किंवा होऊन गेली असेल. लसीनंतर पहिल्या एक-दोन दिवसांत ताप येऊ शकतो हे खरं, पण या वयात तो लसीचाच आहे असं घरी ठरवू नका. फोन करा, लस कधी दिली ते सांगा, डॉक्टर म्हणतील की थांबा की आणा. लस देतानाच त्यांनी वजनानुसार पॅरासिटामॉल लिहून दिलं असेल तर ती गोष्ट वेगळी, तरीही ताप दोन दिवसांच्या पुढे गेला किंवा दूध कमी झालं तर आणा. लस झालेली नसेल तर हा मुद्दा तुमच्यासाठी नाहीच.

वाटेत गार पाण्याच्या पट्ट्या, बर्फ, अंग पुसणं काही नको. त्याने बाळ कुडकुडतं आणि कुडकुडून आतला ताप वाढतो. पाणी, मध, घुटी, काढा यातलंही काही नको, दूध अंगावरचं असो किंवा पावडरचं, तेच थोडं थोडं आणि वरचेवर.

रात्रीच घरी सोडलं तर निघायच्या आधी तीन गोष्टी लिहून घ्या: कल्चरचा रिपोर्ट कधी येणार आणि तो कोण फोन करून सांगणार, उद्या किती वाजता परत दाखवायचं, आणि मधे काही झालं तर कोणत्या नंबरवर फोन करायचा. कल्चरमध्ये जंतू वाढायला वेळ लागतो, बहुतेक वेळा चोवीस ते छत्तीस तासांत कळतं, तोपर्यंत दर तीन-चार तासांनी, रात्रीही, उठवून दूध पाजा आणि काखेत ताप मोजून वेळेसकट लिहीत जा. पाजायला उठवताना ती उठली नाही तर उद्याच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका, तशाच उलट पावली परत या.